काकांचा ड्यून आणि चिंगीचा लॅपटॉप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीपासून भावकीत, ओळखीत आणि काकांच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर हेच विषय चाललेत. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. गोष्ट हवी असेल त्यांनी वरून खाली वाचा. ज्यांच्या माळ्यावर फ्लॉपीचा डबा पडून आहे त्यांनी थेट फ्लॉपीच्या प्रश्नावर गेलं तरी चालेल.

### काका कोण, आणि हे सगळं सुरू कसं झालं?

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय ६८. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर त्यांनी उभा जन्म हिशेब लिहिला. १९९४ साली पेढीच्या मालकांनी हिशेबासाठी ४८६ संगणक घेतला. गावभागातल्या आमच्या घरी तोवर रंगीत टीव्हीसुद्धा आलेला नव्हता, त्यामुळे काका संगणकावर बसतात याचंच आम्हाला कोण कौतुक! संध्याकाळी सौदे संपले, पावत्या लागल्या की ते तासभर मागे थांबायचे. "क्लोजिंग चाललंय," असा निरोप घरी यायचा. ते क्लोजिंग म्हणजे ड्यून, हे काकूंना फार उशिरा कळलं.

चिंगी त्यांची नात, सातवीत आहे. या दिवाळीत घरात नवा लॅपटॉप आला, तसा तिने विचारला तो साधा प्रश्न: "आबा, तुमच्या वेळी गेम होते?" काका काही न बोलता उठले आणि शिडी आणायला गेले.

### गेम नेमका कोणता?

ड्यून २. १९९२ साली वेस्टवुड स्टुडिओजने केलेला. तळ बांधायचा, माल गोळा करायचा, त्या पैशातून फौज उभी करायची आणि हे सगळं करताना समोरचाही थांबलेला नसतो, हा जो प्रकार पुढे एज ऑफ एम्पायर्सपर्यंत सगळीकडे दिसतो, त्याचा साचा बराचसा इथे पडला.

वाळवंटी ग्रह आहे. वाळूत नारिंगी मसाला पसरलेला असतो. हार्वेस्टर नावाचं अवजड यंत्र तो गोळा करतं, रिफायनरीत आणून ओततं आणि त्याचे क्रेडिट होतात. जास्तीचा माल सायलोत साठवायचा. तीन घराणी आहेत, आट्रायडीस, ऑर्डोस आणि हार्कोनेन. एक आपण निवडायचं. एकूण नऊ मोहिमा.

आता हळदीच्या पेढीवर बसलेल्या माणसाला हा खेळ का लागला, हे वेगळं सांगायला नको. काकांनी गेममधल्या मसाल्याला कधी स्पाइस म्हटलंच नाही. तो त्यांच्यासाठी हळद. हार्वेस्टर म्हणजे गाडी, रिफायनरी म्हणजे गिरण आणि सायलो म्हणजे पेव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायची जुनी रीत. २००५ च्या पुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. चिंगीने पेव पाहिलेलं नाही, पण तिला आता सायलो बघितला की पेवच आठवतं.

### नव्या लॅपटॉपवर गेम सरळ का चालला नाही?

चिंगीने फाइलवर दोनदा क्लिक केलं, तर निळ्या चौकटीत This app can't run on your PC असं आलं. काकांना वाटलं फाइल कुजली. फाइल धडधाकट होती.

ड्यून २ हा डॉसवरचा १६-बिट प्रोग्राम आहे. विंडोज ६४-बिट मोडमध्ये चालू असतं तेव्हा प्रोसेसरला डॉसच्या त्या जुन्या चालीने चालता येत नाही, आणि डॉसचे प्रोग्राम चालवणारा जो भाग जुन्या ३२-बिट विंडोजमध्ये असायचा, तो ६४-बिटमध्ये दिलेलाच नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येतं. म्हणून उजवं क्लिक करून "कंपॅटिबिलिटी" मधला विंडोज ९५ चा पर्याय निवडला तरी काडीचा फरक पडत नाही. माझ्या मेव्हण्यांनी त्यात अख्खा पाडवा घालवला.

तुम्हाला हा निरोप दिसला तर समजा की गेम बिघडलेला नाही, त्याला त्याच्या काळातला संगणक हवा आहे. ते काम करणारा फुकट प्रोग्राम म्हणजे डॉसबॉक्स. लॅपटॉपच्या आत तो एक खोटा जुना संगणक उभा करतो: जुना प्रोसेसर, जुनं साउंड कार्ड, जुनी स्क्रीन. गेमला वाटतं आपण १९९४ मध्येच आहोत.

### गेमच्या फाइल कुठून मिळाल्या? फ्लॉपी इतकी वर्षं टिकतात?

हा सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत काकांच्या फ्लॉपी होत्या. २००५ ला आणि २०१९ ला कृष्णेचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, पण ट्रंक वर असल्याने भिजली नाही. दमट हवा मात्र वरही पोचते. ट्रंकेत पाच-पाच फ्लॉपींचे दोन संच निघाले, दोन्हींवर काकांच्या मोडक्या इंग्रजी लिपीत "1/5, 2/5" असं. हिशेबनीस माणूस, प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवणारच. एक संच मूळ, दुसरा डिस्ककॉपीने काढलेला हुबेहूब. या सवयीमुळेच पुढचं सगळं जमलं.

लॅपटॉपला फ्लॉपीची खाच नसते. मिरजेतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडून साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारा यूएसबी ड्राइव्ह उसना आणला. तो लावला की विंडोज ११ मध्येही पूर्वीसारखा A: दिसतो, वेगळं काही टाकावं लागत नाही.

फ्लॉपी आत ढकलण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, कोपऱ्यातली छोटी सरकती खिट्टी. तिथलं भोक उघडं असेल तर फ्लॉपीवर काही लिहिलं जाऊ शकत नाही. भोक उघडंच ठेवा, मग चुकूनसुद्धा काही पुसलं जाणार नाही. दुसरी, वरची पत्र्याची झडप बोटाने सरकवून आतली तपकिरी चकती उजेडात धरायची आणि मधला धातूचा गोल हळूच फिरवत सगळीकडून पाहायची. चकचकीत असेल तर ठीक. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी फ्लॉपी घातली की बुरशी ड्राइव्हच्या हेडला लागते आणि मग पुढची चांगली फ्लॉपीही वाचली जात नाही, वर तिच्यावर ओरखडाही उठतो. पहिल्या संचातल्या चौथ्या फ्लॉपीवर असे ठिपके होते. ती घातलीच नाही, दुसऱ्या संचातली घेतली.

तिसरीवर ठिपके नव्हते, तरी ती अर्ध्यावर अडली. आतून घर्रर्र, थांब, परत घर्रर्र असा आवाज, आणि मग Data error (cyclic redundancy check). म्हणजे फाइल आहे पण काही भाग वाचता येत नाही. आपण तीनदा प्रयत्न केले तर एखादे वेळी वाचली जाते, पण जितकी घासावी तितकी ती खराब होते. चिंगीने दुसऱ्या संचातली तिसरी घातली, ती एका दमात उतरली. काका कॉटवर बसून बघत होते. एवढंच म्हणाले, "दुसरी प्रत कशाला, म्हणून मालक माझी चेष्टा करायचे."

### मग पाच फ्लॉपींचा एक गेम कसा झाला?

काकांनी गेमचं फोल्डर एआरजे या जुन्या पॅकरने आवळून पाच तुकड्यांत ठेवलं होतं. पहिल्या तुकड्याचं नाव DUNE2.ARJ, बाकीचे .A01, .A02 असे. नशीब असं की पहिल्या फ्लॉपीवर ARJ.EXE हा पॅकरसुद्धा होता. तो स्वतः डॉसचाच प्रोग्राम, तेव्हा तोही डॉसबॉक्समध्येच चालवायचा.

C: वर juna नावाचं एक फोल्डर केलं, पाचही फ्लॉपींतलं सगळं त्यात टाकलं, डॉसबॉक्स उघडला आणि हे टाइप केलं:

```
mount c C:\juna
c:
arj x -v dune2
```

पहिल्या ओळीचा अर्थ: लॅपटॉपवरचं juna फोल्डर हीच त्या खोट्या संगणकाची C: ड्राइव्ह समज. इथे बरेच जण `mount c C:\` असं लिहून अख्खी डिस्क जोडतात. तसं करू नका. डॉसबॉक्स स्वतःच त्यावर इशारा देतो, आणि तो बरोबर आहे. जुन्या प्रोग्रामच्या हातात घराची एकच खोली द्यायची.

आमचं एक जागी अडलं. चौथा तुकडा विंडोजमधून टाकायचा राहिला होता. तो टाकला तरी डॉसबॉक्सला दिसेना. कारण डॉसबॉक्स फोल्डरची यादी एकदा वाचून लक्षात ठेवतो. चालू असताना बाहेरून फाइल टाकली तर `rescan` लिहायचं किंवा सरळ बंद करून परत उघडायचं.

### रोज हे सगळं टाइप करायचं?

नाही. स्टार्ट मेन्यूत डॉसबॉक्सच्या नावाखाली Options असतं. त्याने नोटपॅडमध्ये सेटिंगची फाइल उघडते. तिच्या अगदी तळाला [autoexec] आहे, त्याखाली या ओळी टाकायच्या:

```
mount c C:\juna
c:
cd dune2
dune2
```

आता काका आयकॉनवर दोनदा क्लिक करतात आणि गेम उघडतो. काकांना आयकॉनचं नाव बदलून हवं होतं. ते "क्लोजिंग" असं ठेवलंय.

### चित्र चपटं का दिसत होतं?

गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचा, पण तो काढला चौकोनी ट्यूबच्या मॉनिटरसाठी. त्या मॉनिटरवर प्रत्येक ठिपका थोडा उंच दिसायचा. लॅपटॉपच्या रुंद स्क्रीनवर ताणला की माणसांची तोंडं भाकरीसारखी पसरतात. मोहिमेआधी सल्ला देणारा जो म्हातारा येतो, त्याला बघून काका म्हणाले, "याला काय झालं, सुजलाय?" त्याच सेटिंगच्या फाइलमध्ये या चार ओळी शोधून अशा केल्या:

```
fullscreen=true
fullresolution=desktop
output=opengl
aspect=true
```

दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते तसेच राहू द्यायचे.

### आवाज का येत नव्हता?

याचं उत्तर देताना मला अजून हसू येतं.

गेमसोबत SETUP.EXE असतो. त्यात एकदा साउंड कार्ड निवडलं की ती निवड फाइलमध्ये राहते. काकांच्या प्रतीत पेढीवरच्या संगणकाची निवड तशीच आलेली होती, आणि त्या संगणकाला साउंड कार्डच नव्हतं. डब्यातला छोटा स्पीकर, तो फक्त पिंपिं करायचा. डॉसबॉक्समध्ये `setup` चालवून साउंड ब्लास्टर निवडलं. पत्ता विचारला तर २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ द्यायचं. डॉसबॉक्सचं खोटं साउंड कार्ड मुळात याच आकड्यांवर बसवलेलं असतं. आयआरक्यूला ५ दिलं तर आवाज येत नाही, किंवा एक तुकडा वाजून गेम गोठतो. आमचा दोनदा गोठला.

मग गेम उघडला, काकांनी सिमेंटची फरशी बांधायला लावली आणि लॅपटॉप बोलला, "कन्स्ट्रक्शन कम्प्लीट." काकांनी हात मागे घेतला. त्यांनी इतकी वर्षं हा खेळ मुका खेळला होता. यात बोलतात हे त्यांना माहीतच नव्हतं. टँकला हलवलं तर "अक्नॉलेज्ड" म्हणाला. पुढची पंधरा मिनिटं काका उगाच एकच टँक इकडून तिकडे हलवत होते, आणि चिंगीने त्यांना तसं करू दिलं.

### गेम फार हळू किंवा फार वेगात चालतो, काय करावं?

डॉसबॉक्सच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत सायकल्सचा आकडा दिसतो. हा खोट्या प्रोसेसरचा वेग. अशा गेमसाठी तो सुरुवातीला ३००० असतो, म्हणजे ४८६ च्या बराच मागे. त्यामुळे नकाशा सरकवताना झटके बसत होते. फाइलमध्ये `cycles=fixed 10000` केलं आणि नकाशा सरळ सरकू लागला. हेच खेळता खेळता Ctrl+F12 ने वाढतं आणि Ctrl+F11 ने कमी होतं. मात्र बऱ्याच लॅपटॉपवर F12 दाबलं की आवाज वाढतो किंवा विमानाचं चिन्ह येतं. तिथे सोबत Fn सुद्धा दाबावं लागतं.

ड्यूनच्या बाबतीत एक बरं आहे. गाड्या किती वेगाने पळायच्या हे गेम घड्याळावरून ठरवतो, प्रोसेसरवरून नाही. त्यामुळे सायकल्स वाढवून शत्रू अंगावर धावून येत नाही. तो वेग गेमच्या आतल्या पर्यायांमध्ये वेगळा बदलता येतो. त्या काळातल्या प्रत्येक गेमचं असं नाही. काही गेम सायकल्स वाढवले की खरोखरच भिरभिरतात.

### माउसचा बाण गायब झाला, आता?

Ctrl+F10. खिडकीत क्लिक केलं की डॉसबॉक्स माउस पकडून ठेवतो, या दोन बटणांनी सोडतो. काकांनी हे खडूने कपाटावर लिहून ठेवलंय. आणि टचपॅडवर खेळू नका, दोनशे रुपयांचा का होईना, माउस घ्या.

### चिंगीला हा जुना गेम आवडला का?

पहिल्या अर्ध्या तासात अजिबात नाही. तिने सवयीने पाच टँकांभोवती माउसने चौकट ओढली. काहीच झालं नाही. ड्यून २ मध्ये घोळका निवडता येत नाही. एक टँक निवडा, मूव्हचं बटण दाबा, जागा दाखवा. मग दुसरा टँक निवडा. तिने वैतागून विचारलं, "आबा, वीस टँक असले तर वीस वेळा?"

"व्हय. वीस माणसं असली तर वीस जणांना सांगावं लागतंय की."

मग काकांनी तिला बटणं दाखवली. M दाबलं की मूव्ह, A दाबलं की हल्ला. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर. याने निम्मा वेळ वाचतो.

ड्यून लेगसी नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो याच जुन्या फाइल वापरतो आणि त्यात घोळका निवडता येतो. ओपनड्यूनही याच जुन्या फाइल वापरतो. मी काकांना ड्यून लेगसी लावून दाखवला. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "हे तुमचं तुम्ही खेळा."

चिंगीला गोडी लागली ती लढाईने नाही, हिशेबाने. तो पुढच्या उत्तरात.

### काकांची खेळायची पद्धत काय?

हे ऐकायला कट्ट्यावरचे लोकही थांबतात.

रिफायनरी ४०० क्रेडिटला येते आणि तिच्यासोबत एक हार्वेस्टर फुकट. तोच हार्वेस्टर सुटा घ्यायला गेलं तर ३००. काका चिंगीला म्हणाले, "म्हणजे गिरण कितीला पडली?" तिने तोंडातच हिशेब केला, शंभरला. "मग दुसरी गाडी पायजे असली तर काय घ्यायचं?" तिचं म्हणणं, सुटी गाडी, शंभर वाचतात. काकांनी मान हलवली. दोन गाड्या एकाच गिरणीवर आल्या तर दुसरी दारात थांबून राहते. शंभर जादा देऊन दुसरी गिरण घेतली की दोन्ही गाड्या मोकळ्या, वर साठवायला जागाही वाढली.

भरलेल्या हार्वेस्टरच्या एका खेपेत ७०० क्रेडिट येतात. म्हणजे ३०० ची गाडी पहिल्याच खेपेत फिटते आणि ४०० उरतात. यावरून काकांचा नियम: पहिली पंधरा मिनिटं टँक नाही, गाड्या. चिंगीने उलट केलं होतं. आधी चार टँक घेतले, पैसे संपले, एकच गाडी फिरत राहिली आणि त्या गाडीला वाळूतल्या किड्याने गिळलं. हा किडा फक्त वाळूतून फिरतो, खडकावर चढत नाही. काका म्हणून गाडीवर एक डोळा ठेवून असतात. वाळू हलताना दिसली की गाडी सोडून दुसरं काही बघत नाहीत, खडकाकडे वळवतात.

साठवणुकीचं असं. एक सायलो १००० क्रेडिटचा माल धरतो. जागा भरल्यावर गाडी माल घेऊन आली तर तो वाया जातो आणि तसा निरोप वर दिसतो. चिंगीचा एकदा असा माल गेला तेव्हा काका खरोखरच चिडले, "पेव न बघता माल उतरवून घेतलास?" त्यांच्या आवाजात पेढी आली होती.

आणि इमारतीखाली आधी सिमेंटची फरशी. पाच क्रेडिटची फरशी वाचवायला गेलं की इमारत अर्ध्याच ताकदीने उभी राहते आणि झिजत जाते.

पुढच्या मोहिमांत स्टारपोर्ट येतो, तिथे तयार टँक विकत मिळतात. त्यांचा भाव दर वेळी वेगळा. कारखान्यात ३०० ला पडणारा टँक तिथे कधी स्वस्त, कधी महाग, आणि मालही मोजकाच. काका भाव बघून नुसतेच बाहेर येतात, थोड्या वेळाने परत जातात. घाई असली तरी ते आल्या भावाने घेत नाहीत. चिंगीने विचारलं, "आबा, आत्ता घ्या ना, शत्रू आलाय!" तर म्हणाले, "शत्रू आलाय हे त्या विकणाऱ्याला कळू द्यायचं नसतंय."

### लाल चोपडीची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. त्या काळी नक्कल रोखायला गेममध्ये एक युक्ती असायची. खेळता खेळता अडवून एखादा प्रश्न विचारायचे. सोबतची छापील पुस्तिका ज्याच्याकडे, त्यालाच उत्तर येणार. चिंगी पहिली मोहीम जिंकून पुढे गेली आणि तिथे तो प्रश्न आला. तिने फोन उचलला. काका म्हणाले, "थांब." ट्रंकेतून लाल कापडी बांधणीची चोपडी काढली. पेढीवर कुणाच्या तरी पुस्तिकेवरून त्यांनी १९९५ साली सगळं उतरवून घेतलं होतं, डावीकडे वस्तूचं नाव, उजवीकडे किंमत, खाली रेघ. पहिल्या पानावर "श्री गजानन प्रसन्न". प्रत्येक वही ते अशीच सुरू करतात.

### काकांची प्रत कायदेशीर आहे का? मला द्याल का?

पेढीवर संगणक आला तेव्हा त्यात गेम होता. पावती कुणी मागितली नव्हती. यात अभिमानाने सांगण्यासारखं काही नाही. गेम जुना झाला म्हणून त्याचे हक्क संपत नाहीत, त्यामुळे मी फाइल कुणाला पाठवत नाही, रागावू नका. डॉसबॉक्स मात्र मोकळा आहे, तो बिनधास्त घ्या आणि आपल्या माळ्यावरचा डबा उघडा. ओपनआरए नावाचा आणखी एक मोकळा प्रकल्प आहे, त्यात याच घराण्यातला १९९८ चा ड्यून २००० खेळता येतो. तिथून सुरुवात केली तरी चालेल.

### जुन्या सेव्ह फाइल खरंच उघडल्या?

उघडल्या. गेम सेव्ह केला की फोल्डरमध्ये _SAVE000.DAT, _SAVE001.DAT अशा फाइल बनतात. एआरजे करताना अख्खं फोल्डर आवळल्यामुळे त्या आपोआप सोबत आल्या होत्या. `dir` करून पाहिलं तर तारीख १९९७ ची.

गेममध्ये लोडच्या यादीत काकांनी दिलेली नावं जशीच्या तशी आली. त्यात एक होतं HALAD 8. आठवी मोहीम. चिंगीने ते उघडलं आणि अर्ध्यावर सोडलेला तळ समोर उभा राहिला: ओळीत तीन सायलो, खडकाच्या कडेला सहा टँक, एक गाडी वाळूत माल भरतेय. काका स्क्रीनजवळ सरकले. "हा उजवीकडचा टँक इथे का ठेवलाय मी?" थोडं आठवून म्हणाले, त्या दिवशी मालक अचानक आत आले होते, घाईत सेव्ह करून बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून मार्चअखेरची गडबड, आणि मग पेढीवर नवा संगणक आला.

### चिंगीने ती फाइल घालवली, असं ऐकलं?

घालवली होती. तिने स्वतःचा खेळ सेव्ह करताना HALAD 8 वरच टिचकी मारली, नाव बदललं आणि ओके केलं. जुना तळ गेला. तिला कळलं तेव्हा ती रडायला लागली. काका काही बोलले नाहीत, नुसते जेवायला बसले, आणि तेच तिला जास्त लागलं.

मी रात्री गेलो. फ्लॉपींतून काढलेले पाचही तुकडे juna फोल्डरमध्ये होतेच, ते आम्ही पुसले नव्हते. फक्त सेव्ह फाइल वेगळ्या जागी काढायच्या होत्या:

```
cd \
md parat
cd parat
..\arj e -v ..\dune2 _save*.dat
```

इथे `x` ऐवजी `e` दिलं, कारण फोल्डरची उतरंड नको होती, फक्त फाइल हव्या होत्या. त्या parat मध्ये निघाल्या. चिंगीची फाइल तिच्या हातानेच एका मोकळ्या नंबरवर नेली आणि काकांची मूळ जागी ठेवली. तुम्हीही पहिल्यांदा गेम उघडण्याआधी पूर्ण फोल्डरची एक प्रत दुसरीकडे करा. विंडोजमध्ये साधं कॉपी-पेस्ट. आम्ही ते केलं असतं तर पोरगी रडली नसती.

### आता कुठवर आलंय?

HALAD 8 दोघं मिळून खेळतात. माउस काकांकडे, M आणि A चिंगीकडे. तो उजवीकडचा टँक तिथे का ठेवला होता, हे गेल्या रविवारी कळलं. शत्रू बरोबर त्याच बाजूने आला. काका म्हणाले, "बघ, मला तवाच ठावं होतं," आणि चिंगीने, सांगितल्याबरोबर, A दाबलं.

यादीत आता HALAD 8 च्या खाली CHINGI 3 आहे. आणि काकूंनी परवा विचारलं, रोज संध्याकाळी या दोघांचं एवढं कसलं क्लोजिंग चालतंय.